फोटोतल्या कुंडलीवरून स्थानांचा तक्ता कसा भरायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रिकेचा फोटो आला की तो बघून "कुठल्या स्थानात कुठला ग्रह" असा साधा तक्ता करायचा असतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. इथे फक्त तेवढंच घेतलंय. फलित काय, योग कुठले, पत्रिका जुळते का, यातलं काहीच नाही. फोटोतून तक्त्यात बरोबर उतरवणं एवढाच विषय. आपल्याकडे महाराष्ट्रात बहुतेक पत्रिकांत जी चौकोनात तिरक्या रेघांची कुंडली असते तीच मुख्य धरलीये, दक्षिणेकडच्या पद्धतीबद्दल शेवटाकडे एक प्रश्न आहे.

घरात जो आकडा लिहिलेला असतो तोच स्थानाचा नंबर ना?

नाही, आणि हे एक नीट डोक्यात बसलं की अर्ध्या चुका आपोआप जातात. आपल्या पद्धतीच्या कुंडलीत घरातला आकडा राशीचा असतो. १ म्हणजे मेष, २ वृषभ, ३ मिथुन, ४ कर्क, ५ सिंह, ६ कन्या, ७ तूळ, ८ वृश्चिक, ९ धनू, १० मकर, ११ कुंभ, १२ मीन. स्थानाचा नंबर कुठेच लिहिलेला नसतो, तो जागेवरून ठरतो, कारण या पद्धतीत जागा पक्क्या असतात आणि राशी फिरतात. वरचं मधलं मोठं घर म्हणजे कायम प्रथम स्थान, मग त्यात ३ लिहिलेलं असो नाहीतर ११.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या पत्रिकेचा फोटो स्थळाकडच्यांना पाठवला होता, तिकडे कुणीतरी तक्ता करताना मंगळाच्या घरातला ८ बघितला आणि सरळ "अष्टमात मंगळ" लिहून टाकलं. तिचं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, मिथुन, म्हणून वरच्या घरात ३, तिथून मोजलं तर ८ हा आकडा सहाव्या स्थानात येतो, खाली डाव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणात. मंगळ वृश्चिक राशीत होता, षष्ठात होता, अष्टमात नव्हता. मंगळदोषाला आपल्याकडे १, ४, ७, ८, १२ ही स्थानं बघतात, त्यात सहावं नाही. मुलीला मंगळ आहे असा निरोप आला, मग फोन, मग परत पत्रिका मागवणं, दोन आठवडे घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. एका कॉलममध्ये चुकीचा आकडा पडल्याने एवढं झालं.

म्हणून तक्त्यात स्थान आणि राशी हे दोन वेगळे कॉलम ठेवायचेच, एकाच आकड्यात दोन्ही भागवायला जायचं नाही.

बारा स्थानं नेमकी कुठून कुठे मोजायची?

एक चौकोन, त्याचे दोन कर्ण, आणि चारही बाजूंचे मध्य जोडून आत तिरका चौकोन, एवढ्यात बारा घरं तयार होतात. मधली चार, म्हणजे वरचं, डावीकडचं, खालचं आणि उजवीकडचं, पतंगासारखी मोठी घरं असतात, बाकी आठ त्रिकोण कोपऱ्यांत बसतात. वरच्या पतंगापासून सुरुवात आणि तिथून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने जायचं.

वरचा पतंग पहिलं. त्याच्या डावीकडे वरच्या कडेला चिकटलेला त्रिकोण दुसरं. त्याच कोपऱ्यात पण डाव्या कडेला चिकटलेला त्रिकोण तिसरं. डावीकडचा पतंग चौथं. खाली डाव्या कोपऱ्यात पुन्हा दोन त्रिकोण, आधी डाव्या कडेचा पाचवं, मग खालच्या कडेचा सहावं. खालचा पतंग सातवं. खाली उजव्या कोपऱ्यात खालच्या कडेचा आठवं, उजव्या कडेचा नववं. उजवीकडचा पतंग दहावं. मग वर उजव्या कोपऱ्यात उजव्या कडेचा अकरावं आणि वरच्या कडेचा बारावं, आणि परत आपण पहिल्यापाशी.

सवय होईपर्यंत एका कोऱ्या कागदावर हीच चौकट काढून त्यात १ ते १२ स्थानं पेन्सिलीने लिहून ठेवा आणि तो कागद फोटोशेजारी धरा. मी अजूनही नवीन माणसाला हेच करायला लावते, तोंडी सांगून लक्षात राहत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

हो. कुणाची खासगी पत्रिका घेण्यापेक्षा सगळ्यांना माहीत असलेली घेऊ, स्वतंत्र भारताची, १५ ऑगस्ट १९४७, मध्यरात्री ०० वाजता, दिल्ली. समजा तिचा फोटो तुमच्याकडे आलाय. वरच्या पतंगात २ आणि "रा". शेजारच्या त्रिकोणात ३ आणि "मं". त्याला लागून डाव्या कडेच्या त्रिकोणात ४ आणि पुढे दाटीवाटीने "चं बु श शु र". खाली डाव्या कोपऱ्यात खालच्या कडेला ७ आणि "गु", खालच्या पतंगात ८ आणि "के". बाकी घरांत नुसते आकडे. तर तक्ता असा होतो:

| स्थान | घरातला आकडा | राशी | ग्रह |
|---|---|---|---|
| १ | २ | वृषभ | राहू (आणि लग्न) |
| २ | ३ | मिथुन | मंगळ |
| ३ | ४ | कर्क | चंद्र, बुध, शनी, शुक्र, रवी |
| ४ | ५ | सिंह | – |
| ५ | ६ | कन्या | – |
| ६ | ७ | तूळ | गुरू |
| ७ | ८ | वृश्चिक | केतू |
| ८ | ९ | धनू | – |
| ९ | १० | मकर | – |
| १० | ११ | कुंभ | – |
| ११ | १२ | मीन | – |
| १२ | १ | मेष | – |

भरायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त पहिला कॉलम, १ ते १२, तो सगळ्या पत्रिकांत सारखाच. मग फोटोत बघून आकड्यांचा कॉलम. मग ग्रह, पण अजून अर्थ न लावता, जसं अक्षर दिसतं तसं, "शु" तर "शु". राशीची नावं सगळ्यात शेवटी. एकाच वेळी बघणं आणि अर्थ लावणं सुरू केलं की आपण फोटोत जे नाही ते वाचायला लागतो.

सगळे आकडे दिसत नाहीत, फोटो अंधुक आहे. मग?

आकड्यांची काळजीच करू नका, बारापैकी एक जरी खात्रीने वाचता आला तरी बाकी अकरा येतात, कारण ते ओळीनेच जातात आणि १२ नंतर १ येतो. बहुतेक छापील पत्रिकांत पतंगांमधले चार आकडे अगदी मधोमध, जिथे दोन्ही कर्ण छेदतात तिथे एकमेकांजवळ असतात, आणि फोटोचा मधला भाग सहसा शार्प असतो. तिथे बघा. वरच्या उदाहरणात मधोमध २, ५, ८, ११ दिसतील, तिनाच्या फरकाने. समोरासमोरच्या घरांत फरक कायम ६ चा, २ च्या समोर ८, ५ च्या समोर ११.

हाताने लिहिलेल्या पत्रिकेत १ आणि ९ हमखास फसवतात, आणि ११ मधला एक दंड उडाला की नुसता १ उरतो. अशा वेळी तो आकडा डोळे फाडून बघत बसण्यापेक्षा शेजारचे दोन बघा. अलीकडे ८ आणि पलीकडे १० असेल तर मधला ९ च.

एक्सेलमध्ये तक्ता करणाऱ्यांसाठी, A कॉलममध्ये A2 पासून स्थान १ ते १२ आणि E1 मध्ये पत्रिकेवर लिहिलेल्या लग्नराशीचा आकडा टाकला तर B2 मध्ये हे टाकून खाली ओढायचं, आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाका:

```
=MOD($E$1+A2-2,12)+1
```

मग फोटोतले आकडे याच्याशी ताडून बघा. एखादाच जुळला नाही तर तो तुम्ही चुकीचा वाचलाय, सगळेच जुळले नाहीत तर फोटो फिरलेला आहे, फक्त पहिल्या आणि सातव्या स्थानाचेच जुळले तर तो आरशासारखा उलटा आहे.

फोटो फिरलेला किंवा उलटा आहे हे कसं कळणार? चौकट तर सगळीकडून सारखीच दिसते.

हाच तर त्रास आहे, चौकट कशीही फिरवली तरी तशीच दिसते, त्यामुळे नुसत्या रेघांवर भरवसा ठेवायचा नाही. अक्षरांची शिरोरेषा बघा, ती वर आणि आडवी असली की फोटो सरळ. नुसतीच चौकट क्रॉप करून पाठवली असेल आणि आत चार-पाच अस्पष्ट अक्षरंच असतील तर मूळ पूर्ण पानाचा फोटो मागवा, ज्यात वर "॥ श्री गणेशाय नमः ॥" किंवा नाव-गाव दिसतं.

आरशासारखा उलटा झालेला फोटो जास्त वाईट. सेल्फी कॅमेऱ्याने काढला किंवा पातळ कागद मागून उजेडात धरून काढला की हे होतं. तेव्हा आकडे वाढताना डावीकडे न जाता उजवीकडे जातात. वरच्या घरात २ असेल तर ३ त्याच्या डावीकडेच हवा, उजवीकडे दिसला तर फोटो उलटा आहे, फोनच्या एडिटमध्ये फ्लिप करा आणि मगच सुरुवात करा. मनातल्या मनात उलटवून वाचू नका, दुसरं स्थान बारावं होतं, तिसरं अकरावं होतं, आणि पहिलं-सातवं मात्र जागेवरच राहतात, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही.

पाच ग्रह एकाच त्रिकोणात कोंबलेत, काही रेघेबाहेर गेलेत. कुठला कुठल्या घरातला?

वरचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं त्याचं हेच कारण. पाच ग्रह, आणि तेही तिसऱ्या स्थानाच्या त्रिकोणात, जो कडेला चिकटलेला आणि पतंगापेक्षा निम्म्या जागेचा असतो. लिहिणारा काय करतो, तर आकड्याजवळ सुरुवात करतो आणि जागा संपली की अक्षरं वर दुसऱ्या स्थानाकडे किंवा खाली चौथ्याकडे सरकतात, कधी चौकटीच्या बाहेर मार्जिनमध्ये सुद्धा.

दुसरं-तिसरं, पाचवं-सहावं, आठवं-नववं आणि अकरावं-बारावं या चार जोड्या खास लक्ष देऊन बघायच्या. यांच्यामध्ये कोपऱ्यातून येणारा कर्णाचा छोटा तुकडा एवढीच भिंत असते आणि दोघांचे आकडेही त्या तुकड्याच्या आतल्या टोकाशी एकमेकांना खेटून असतात. घडीचा वळ नेमका त्या रेघेवरून गेला किंवा शाई उडाली की दोन घरं एकच दिसायला लागतात. मग मी असं करते: फोटो झूम करून, कोपरा आणि मधला छेदबिंदू यांच्यामध्ये पट्टी धरते, स्क्रीनवरच, आणि रेघ जिथून जायला हवी तिथून जातेय असं धरून अक्षराचा जास्तीत जास्त भाग कुठल्या बाजूला आहे ते बघते. अक्षराची सुरुवात ज्या घरात आहे तेच घर बहुतेक वेळा बरोबर असतं, कारण शेपूट बाहेर जातं, डोकं नाही.

आणि एकाच ओळीत लिहिलेले ग्रह फोडताना जे चुकूच शकत नाहीत ते आधी उचला. "चंबुशशुर" असं जोडून लिहिलं असेल तर "चं" आणि "बु" निघाले, "शु" निघाला, मग उरलेला "श" आणि "र".

ग्रहांची अक्षरं कुठली, आणि कुठे फसायला होतं?

र रवी (हिंदी पत्रिकेत सू), चं चंद्र, मं मंगळ, बु बुध, गु गुरू, शु शुक्र, श शनी, रा राहू, के केतू. मराठी पत्रिकांत बऱ्याचदा ह हर्षल, ने नेपच्यून, प्लु प्लुटोही असतात. "ल" असेल तर ते लग्न, ग्रह नाही. "मा" म्हणजे मांदी, तो "मं" समजू नका. ग्रहाजवळचा छोटा "व" वक्री आणि "अ" अस्त, तेही वेगळे ग्रह नाहीत, तक्त्यात ग्रहापुढे कंसात लिहा.

खरी फसवणूक दोनच जोड्यांत आहे. "श" आणि "शु": खालचा उकार फोटोत चौकटीच्या रेघेला चिकटतो किंवा सावलीत जातो आणि शुक्राचा शनी होतो. "र" आणि "रा": काना कर्णाच्या रेघेत मिसळला की राहूचा रवी. यावर उपाय मोजणी. नऊ ग्रह प्रत्येकी एकदाच यायला हवेत. तक्त्यात शनी दोनदा आणि शुक्र एकदाही नाही असं झालं तर दोनपैकी एक "श" हा "शु" आहे हे नक्की, फक्त कुठला ते परत फोटोत बघायचं. अंदाजाने बदलू नका, पुढच्या प्रश्नातली तपासणी लावा.

मी बरोबर उतरवलंय हे कशावरून ओळखायचं?

आकाशात ग्रहांना काही मर्यादा आहेत, त्या तक्त्यात पाळल्या गेल्या पाहिजेत, त्याच आपल्या कामाच्या.

राहू आणि केतू कायम समोरासमोर, एकमेकांपासून सातव्या घरात. उदाहरणात राहू पहिल्यात, केतू सातव्यात, जमलं. नसतील तर कुठेतरी "रा" किंवा "के" चुकलाय.

बुध रवीपासून साधारण २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही आणि एक राशी ३० अंशांची, म्हणजे बुध रवीच्याच घरात किंवा लगतच्या घरात असलाच पाहिजे. शुक्र साधारण ४७ अंशांपर्यंत जातो, म्हणजे जास्तीत जास्त दोन घरं पुढे-मागे. आता वरची "श की शु" ची अडचण बघा, रवीपासून पाच घरं लांब असलेला तो शुक्र असूच शकत नाही, तो शनीच.

रवीची रास जन्मतारखेवरून कळते, त्यासाठी पत्रिका लागतच नाही. मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला म्हणजे तेव्हा रवी मकरेत जातो, एप्रिलच्या १४ च्या आसपास मेषेत, जुलैच्या १६ च्या आसपास कर्केत, ऑगस्टच्या १७ च्या आसपास सिंहेत, बाकी महिन्यांतही तसंच मध्याच्या आसपास. १५ ऑगस्टचा जन्म म्हणजे रवी अजून कर्केत, आकडा ४, आणि आपल्या तक्त्यात तो ४ च्याच घरात आहे.

आणि मला सगळ्यात आवडणारी तपासणी जन्मवेळेची. सूर्योदयाला लग्न आणि रवी एकाच राशीत असतात, मग साधारण दर दोन तासांनी लग्न पुढच्या राशीत जातं आणि रवी एकेक स्थान मागे पडतो. त्यामुळे सकाळचा जन्म असेल तर रवी बाराव्या-अकराव्यात, भर दुपारी दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताला सातव्यात, मध्यरात्री चौथ्याच्या आसपास. चौकटीत बघायला गेलं तर दिवसा जन्मलेल्याचा रवी उजव्या अर्ध्यात आणि रात्री जन्मलेल्याचा डाव्या अर्ध्यात, एका नजरेत कळतं, फक्त सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी तो मधल्या पतंगांत असतो. भारताच्या कुंडलीत मध्यरात्र आहे आणि रवी डावीकडे तिसऱ्यात, अगदी चौथ्याच्या उंबरठ्यावर (कर्केचे २७ अंश संपत आलेले). पत्रिकेवर सकाळी ९ ची वेळ आणि तक्त्यात रवी डावीकडे दुसऱ्यात, असं दिसलं तर बहुतेक फोटो आरशासारखा उलटा आहे, नाहीतर वेळ चुकीची लिहिली आहे.

तिथी लिहिलेली असेल तर चंद्रही तपासता येतो. अमावास्येला चंद्र रवीजवळ, पौर्णिमेला समोर. उदाहरणात अमावास्या दोनच दिवसांवर होती, चंद्र रवीच्याच राशीत.

एकाच पानावर दोन-तीन कुंडल्या आहेत, कुठली घ्यायची?

स्थानांच्या तक्त्याला लग्नकुंडली. आपल्याकडे तिच्या शेजारीच राशीकुंडली छापतात, तिच्यात चंद्राची रास वरच्या घरात घेतलेली असते. ग्रह कुठल्या राशीत आहेत ते दोन्हींत तेच, पण स्थानं सगळी बदलतात. भारताची राशीकुंडली काढली तर वरच्या घरात ४ येईल आणि ते पाचही ग्रह वरच्या पतंगात बसतील. शीर्षक फोटोत कापलं गेलं असेल तर दोन्ही चौकटींत चंद्र शोधा, जिच्यात तो वरच्या घरात आहे ती राशीकुंडली. दोन्हींत वरच्याच घरात असेल तर लग्न आणि रास एकच आहे, तेव्हा कुठलीही घ्या, तक्ता तोच.

नवमांश कुंडली वेगळी भानगड आहे, तिच्यात ग्रहांच्या राशीच बदलतात. ती चुकून घेतली तर बुध-रवीचा नियम बऱ्याचदा मोडलेला दिसतो, बुध रवीपासून चार घरं लांब वगैरे, तो मोठा इशारा समजा. राहू-केतू मात्र नवमांशातही समोरासमोरच राहतात, त्यामुळे त्यांच्यावरून ही चूक पकडता येत नाही.

पत्रिकेत ग्रहस्पष्ट, म्हणजे प्रत्येक ग्रहाची रास आणि अंश आकड्यांत दिलेत, त्यावरून भरलं तर चालेल का?

चालेल, किंबहुना चौकट फाटलेली असेल तर तोच आधार, पण एक खड्डा आहे. पंचांगाच्या जुन्या रीतीने लिहिलेल्या स्पष्टात पहिला आकडा पूर्ण झालेल्या राशींचा असतो. रवी ३-२७ म्हणजे तीन राशी संपून चौथीत २७ अंश, म्हणजे कर्क, मिथुन नव्हे. मेषेतल्या ग्रहाला ० येतो. चौकटीतले आकडे मात्र १ पासून सुरू होतात. त्यामुळे स्पष्टातल्या राशीत एक मिळवायचा आणि मग चौकटीशी ताडायचं. अंश ३० किंवा जास्त कधीच नसतात, दिसले तर आकडा चुकीचा वाचलाय. काही कॉम्प्युटर पत्रिकांत राशीचं नावच छापतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

फोटो परत काढायला सांगायचा असेल तर काय सांगू?

कागद टेबलावर सपाट, कडा वर उचलल्या असतील तर चार कोपऱ्यांना चार वजनं. फोन बरोबर वरून समांतर, तिरका धरला की लांबचे त्रिकोण चेपतात आणि नेमकी तिथलीच अक्षरं जातात. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद, लॅमिनेशन असेल तर विशेषच, चमक नेहमी मधल्या आकड्यांवर येते. एक फोटो पूर्ण पानाचा आणि एक फक्त चौकटीचा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, उकार-कान्यांचा फरक त्यानेच पडतो. ग्रुपवर टाकायची असेल तर नाव, गाव, जन्मतारीख झाकून टाका, मोठ्या माणसांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगावं लागतं.

एखादं अक्षर काही केल्या वाचता येत नाही, तर काय लिहायचं?

रिकामं घर आणि न वाचलेलं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तक्त्यातही वेगळ्याच दिसल्या पाहिजेत. रिकाम्याला आडवी रेघ, न वाचलेल्याला प्रश्नचिन्ह. आठ ग्रह सापडले, एक उरला आणि एकाच घरात डाग आहे, तर तो तिथेच असणार हे तर्काने बरोबर, पण "गुरू (तर्काने)" असं लिहा, नुसतं "गुरू" नको. दोन ग्रह उरले आणि दोन घरांत डाग, तर तिथे थांबायचं आणि दुसरा फोटो मागवायचा, किंवा जन्मतारखेवरून पंचांगात बघायचं. गुरू एका राशीत साधारण वर्षभर आणि शनी अडीच वर्षं राहतो, त्यामुळे त्या दोघांचं उत्तर जुन्या पंचांगात चटकन मिळतं.

बंगळूरच्या सासरच्यांकडून वेगळीच चौकट आलीये, चौकोनी घरं आणि आकडेच नाहीत.

ती दाक्षिणात्य पद्धत, आपल्या बरोबर उलट. तिथे राशी पक्क्या आणि स्थानं फिरतात. कडेने बारा चौकोन, वरच्या ओळीत डावीकडून पहिला मीन, दुसरा मेष, तिसरा वृषभ, चौथा मिथुन, मग उजव्या कडेने खाली कर्क, सिंह, असं घड्याळाच्या दिशेने. लग्नाच्या घरात तिरकी रेघ किंवा "ल" असतं, तिथे १ आणि मग घड्याळाच्या दिशेनेच मोजायचं. आपली उलट्या दिशेची सवय इथे नडते म्हणून आधी राशींची नावं पेन्सिलीने लिहून घ्या. भारताच्या कुंडलीत वरच्या ओळीतल्या तिसऱ्या चौकोनात लग्न आणि राहू, चौथ्यात मंगळ, आणि त्याच्या लगेच खालच्या चौकोनात ते पाच ग्रह. तक्ता मात्र वर दिलेलाच तयार होतो, ओळ न् ओळ.

गुरुजींनी सांगितलं रवी चौथ्यात आहे, माझ्या तक्त्यात तिसऱ्यात येतोय. चूक माझी का?

बहुतेक नाही. ते भावचलित बघत असतील. आपण जो तक्ता करतोय त्यात एक राशी म्हणजे एक स्थान, चलितात स्थानांच्या सीमा लग्नाच्या अंशांवरून काढतात, त्या राशीच्या मध्येच कुठेतरी पडतात. भारताच्या कुंडलीत लग्न वृषभेच्या ७ अंशांवर आणि रवी कर्केच्या जवळजवळ २८ अंशांवर, म्हणजे लग्नापासून साधारण ८० अंश पुढे. लग्नाचा अंश पहिल्या स्थानाच्या मधोमध धरून ३०-३० अंशांची स्थानं पाडली तर चौथं स्थान लग्नापासून ७५ अंशांवर सुरू होतं, म्हणून चलितात रवी चौथ्यात जातो, आणि त्याच राशीतला चंद्र ४ अंशांच्या आसपास असल्याने तिसऱ्यातच राहतो. दोन्ही बरोबर आहेत. तक्त्याच्या वर "लग्नकुंडलीवरून" किंवा "चलितावरून" एवढं लिहा, आणि दोन्ही हवे असतील तर चलितासाठी शेजारी वेगळा कॉलम करा, त्याच कॉलममध्ये खोडून बदलू नका.